गुण येत असलेला उपाय मुद्दाम बंद करायचा? (एका मुलाच्या वागण्यावरचा प्रयोग)

मृण्मयी_प
नमस्कार मंडळी. मी विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करतेय. प्रात्यक्षिक म्हणून एका मुलाच्या वर्गातल्या वागण्यावर प्रकल्प चालू आहे आणि त्यात एका मुद्द्यावर गाडी अडलीय.

मुलगा आठ वर्षांचा, इथे त्याला बंटी म्हणू. हुशार आहे, कुणाला मारत-बिरत नाही, पण गणिताच्या तासाला बाकावर टिकत नाही. खिडकी, कचऱ्याची टोपली, शेजारच्याचं खोडरबर, उठायला काहीही कारण पुरतं. मी मागच्या बाकावर बसून रोज त्याच अर्ध्या तासात तो किती वेळा उठतो ते मोजलं. पहिला आठवडा नुसती मोजणी, बाईंनी नेहमीसारखंच वागायचं. दुसऱ्या आठवड्यात उपाय: तो बसून लिहीत असेल तेव्हा बाईंनी त्याच्या बाकापाशी जाऊन हळू आवाजात कौतुकाचा एखादा शब्द बोलायचा, आणि उठला तर "खाली बस" म्हणायचं नाही, दुर्लक्ष करायचं.

रोजची सरासरी ११ वरून ५ वर आली. बाई खूश, मी खूश. आणि मार्गदर्शक म्हणतात, "आता उपाय आठवडाभर बंद करा, मग परत सुरू करा. तोवर हा प्रयोग झाला असं मी मानणार नाही." बाई म्हणतात, मुश्किलीने बसायला लागलेल्या पोराला परत उठवायचं हा कुठला न्याय? मला बाईंचं पटतंय. ११ चे ५ झाले हे पुरेसं का नाही?

वात्रट_वल्ली
मी छत्री उघडली आणि पाऊस थांबला. छत्रीनेच थांबवला, पुरेसं का नाही?

आकडेबाज
मूळ अडचण वेगळीच आहे. एका मुलावरून काही सिद्ध होत नसतं. निदान तीस मुलं घ्या, पंधरांना उपाय, पंधरांना काही नाही, मग दोन्हींच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-टेस्ट. तुमच्या पाच-पाच दिवसांवरही टी-टेस्ट लावता येईल म्हणा, ११ आणि ५ मधला फरक सहज 'सिग्निफिकंट' येईल. पण n = १ तो n = १.

समुपदेशक_मावशी
मृण्मयी, एका केसचा अभ्यास म्हणजे आधी मुलाची सगळी पार्श्वभूमी हवी. जन्माच्या वेळच्या अडचणी, भावंडं, घरात ताणतणाव, झोप. हे न लिहिता नुसतं 'किती वेळा उठला' मोजून मूल कळत नाही गं.

निरभ्र
मावशी, तुम्ही म्हणताय ती केस स्टडी, ती वेगळी. तिच्यात मूल समजून घेतात. इथला प्रश्न एवढाच आहे की अमुक गोष्ट केल्यामुळेच अमुक वागणं बदललं का. मुलगा एकच असला तरी हा प्रयोगच आहे, कारण उपाय कधी चालू करायचा आणि कधी बंद करायचा हे आपल्या हातात असतं. तुलना दोन गटांची नसते, त्याच मुलाच्या दोन काळांची असते.

मृण्मयी, सरासरी बाजूला ठेवा. दहाही दिवसांचे आकडे ओळीने टाकाल का? त्याशिवाय काही बोलता येणार नाही.

मृण्मयी_प
@निरभ्र, हे घ्या.
पहिला आठवडा: १४, १२, ११, ९, ९
दुसरा आठवडा: ७, ६, ५, ४, ३

निरभ्र
धन्यवाद. आता कागदावर आडवे दिवस आणि उभा आकडा घेऊन हे दहा ठिपके मांडा. मग दुसरा आठवडा हाताने झाका आणि फक्त पहिला बघा. १४ पासून ९ पर्यंत उतरण आहे. अजून काहीच केलेलं नाही, तरी बंटी रोज साधारण एक-सव्वा वेळा कमी उठतोय.

त्या पाच ठिपक्यांमधून सरळ रेषा काढून पुढे वाढवली तर दुसऱ्या आठवड्यात काय यायला हवं होतं? मी हिशेब केला: ७.१, ५.८, ४.५, ३.२, १.९. तुमचे प्रत्यक्ष आकडे ७, ६, ५, ४, ३. म्हणजे बाईंनी कौतुकाचा एक शब्द काढला नसता तरी जवळजवळ हेच आलं असतं, शेवटचे दोन दिवस कदाचित थोडं बरंच. ११ आणि ५ या सरासऱ्यांनी ती उतरण पूर्ण झाकून टाकली.

बेसलाइनचं, म्हणजे उपायाआधीच्या मोजणीचं, काम 'आधी किती वाईट होतं' ते सांगायचं नाही. काहीच केलं नाही तर उद्या काय होईल, याचा अंदाज तिने द्यायचा असतो. आकडे सपाट असतील, किंवा हवं त्याच्या उलट दिशेने चाललेले असतील, तर उपायानंतरचा बदल उठून दिसतो. ते आधीच हव्या त्या दिशेने चालले असतील तर थांबायचं, मोजत राहायचं. तुमचे शेवटचे दोन दिवस ९, ९ होते. अजून तीन-चार दिवस काढले असते तर तो ९ वर स्थिरावतोय की खाली जातोय ते कळलं असतं.

आकडेबाज, टी-टेस्टचं दुखणंही तेच. ती ठिपक्यांचा क्रम बघत नाही. शिवाय ती प्रत्येक आकडा स्वतंत्र धरते. एकाच मुलाचा मंगळवार सोमवारपासून स्वतंत्र नसतो.

मृण्मयी_प
हे वाचून पोटात गोळा आला. पण काही न करता तो कमी का उठेल?

खडूची_धूळ
मी सांगतो. वीस-बावीस वर्षं वर्गात काढली आहेत. तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसलात ना? पहिल्या दिवशी त्या १४ पैकी तुमच्याकडे बघायला किती वेळा आला?

मृण्मयी_प
सर, अगदी बरोबर. पहिले दोन दिवस तो सारखा मागे येऊन "काय लिहिता?" विचारत होता. ते सगळं मी 'उठला' म्हणूनच मोजलं, कारण व्याख्येप्रमाणे तो उठलाच होता.

खडूची_धूळ
मग झालं. तुमची नवलाई ओसरत गेली तसे आकडे उतरले. वर्गात कुणी नवीन बसलं की काही पोरं अंगात आल्यासारखी वागतात आणि काही एकदम देव होतात. म्हणून खरी मोजणी सुरू करण्याआधी चार दिवस नुसतं बसायचं, खोटंखोटं लिहायचं.

आणखी एक. अशा पोराची तक्रार वरपर्यंत कधी जाते? त्याचा सगळ्यात वाईट आठवडा चालू असतो तेव्हा. तिथून मोजायला लागलात की पुढचा आठवडा आपोआपच जरा बरा निघतो. श्रेय मात्र उपायाला.

तीन_पोरांची_आई
माझ्या मधल्याला मी रात्री वेळेवर झोपण्यासाठी चांदण्यांचा तक्ता केला होता. महिनाभर मस्त चाललं. मग चांदण्या संपल्या, आणायला विसरले, तर पठ्ठ्या तरीही वेळेवर झोपायला लागला! म्हणजे उपाय बंद केला तरी मूल बिघडत नाही. उगाच घाबरू नका, बंद करून बघा.

निरभ्र
ताई, घरासाठी ही उत्तम बातमी आहे आणि प्रयोगासाठी तितकीच वाईट. चांदण्या बंद केल्यावरही वागणं तसंच राहिलं तर दोन शक्यता उरतात. चांदण्यांनी सवय लावली आणि आता त्यांची गरज नाही, किंवा चांदण्यांचा कशाशी संबंधच नव्हता. कुठली खरी ते तुमच्या घरातल्या माहितीवरून ठरवता येत नाही.

वात्रट_वल्ली
तिसरी शक्यता: पठ्ठ्या आता पांघरुणाखाली जागा असतो.

तीन_पोरांची_आई
@वात्रट_वल्ली :-) ती शक्यता मोठ्याच्या बाबतीत सिद्ध झालेली आहे.

नचिकेत_द
निरभ्र, सगळं मान्य. पण मूळ प्रश्न नैतिक आहे आणि त्याला कुणी हात लावत नाहीये. ज्या मुलाला फायदा होतोय त्याचा फायदा काढून घ्यायचा, कशासाठी? तर कुणाच्या तरी प्रकल्पाचा आलेख सुंदर दिसावा म्हणून. मूल म्हणजे उंदीर नव्हे. मी त्या बाई असतो तर मीही नाही म्हटलं असतं.

निरभ्र
नचिकेत, मूल स्वतःचं डोकं आपटत असेल, दुसऱ्याला चावत असेल, तर उपाय काढून घेऊ नये हे मलाही मान्य आहे. वाचायला शिकवल्यावर शिकवणं बंद केलं तरी वाचता येतच राहतं, तिथेही ही पद्धत लागू पडत नाही. पण इथे प्रश्न बाकावरून उठण्याचा आहे, आणि तोही चार-पाच दिवसांचा. दुसरीकडे बघा. कौतुकाचा बंटीशी काही संबंध नसेल तर बाई वर्षभर एका मुलाभोवती फिरत राहतील, बाकीचा वर्ग तेवढा सुटेल आणि बंटीच्या उठण्याचं खरं कारण कुणी शोधणारच नाही. त्यालाही किंमत आहेच की.

या प्रकारचं जुनं काम सांगतो. हॉल, लुंड आणि जॅक्सन यांनी १९६८ साली, जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अनॅलिसिस या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी, शिक्षकाच्या लक्ष देण्याचा मुलांच्या अभ्यासावर होणारा परिणाम छापला. त्यात रॉबी नावाने एक तिसरीतला मुलगा आहे. अर्ध्या तासाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकात तो अभ्यास करतोय का ते नोंदवलं. बेसलाइनमध्ये साधारण २५ टक्के तुकड्यांत अभ्यास. गंमत म्हणजे, बाई त्याच्याकडे जेवढं लक्ष देत होत्या त्यातलं ५५ टक्के तो अभ्यास सोडून दुसरं काही करत असताना होतं. मग उलटं केलं. तो मिनिटभर अभ्यासात राहिला की निरीक्षक रंगीत कागदाचा चौकोन वर धरून खूण करायचा, आणि बाई जाऊन कौतुक करायच्या. प्रमाण सरासरी ७१ टक्क्यांवर गेलं. कौतुक थांबवलं तेव्हा ५० टक्क्यांच्या आसपास आलं, परत सुरू केल्यावर ७० ते ८० टक्क्यांवर स्थिरावलं.

मार्गदर्शक ज्या चार टप्प्यांची अपेक्षा करतात ते हेच: अ-ब-अ-ब, अ म्हणजे उपाय नसताना आणि ब म्हणजे उपाय चालू असताना. शेवटचा टप्पा ब आहे, म्हणजे मूल अखेरीस उपायासकट सोडायचं, काढून घेतलेल्या अवस्थेत नाही.

पेन्शनर_काका
आमच्या वेळी बाकावरून उठलं की छडी मिळायची. अ आणि ब दोन्ही टप्पे एका मिनिटात.

खडूची_धूळ
काका, छडीवाल्यांनी आकडे कधी ठेवले असते तर कळलं असतं. तीच पोरं रोज त्याच छडीपाशी उभी असायची, एवढं मला आठवतंय.

मृण्मयी_प
बाईंना रॉबीची गोष्ट सांगितली. सगळ्यात जास्त त्यांना ते ५५ टक्के लागलं. म्हणाल्या, "मीसुद्धा बंटीचं नाव तो उठल्यावरच घेते." चार-पाच दिवसांसाठी तयार झाल्यात. अट एकच, कुणाला लागेल असं काही त्याने केलं की त्या क्षणी उपाय परत सुरू. ती मी लिहून दिलीय.

सुरू करण्याआधी अजून काही बघायला हवं का?

खडूची_धूळ
'उठला' म्हणजे नेमकं काय? बाकावर गुडघे टेकून उभा राहिला तर? अर्धं बूड बाकावर आणि एक पाय वाटेत असेल तर?

आणि याहून महत्त्वाचं. तो तीनदाच उठला पण तिसऱ्यांदा उठून वीस मिनिटं खिडकीतच उभा राहिला, तर तुमच्या वहीत ३ लागणार. आधी ९ वेळा उठून नऊ वेळा अर्ध्या मिनिटात परत येत होता, ते यापेक्षा बरंच की. आकडा कमी आणि वर्तन जास्त वाईट, असं होऊ शकतं.

मृण्मयी_प
सर, व्याख्या आहे: बूड बाकावरून पूर्ण सुटलं की उठला. गुडघ्यांवर असला तरी उठलाच. परत बसून पुन्हा सुटलं तर नवीन नोंद. पण किती वेळ उठलेला राहिला ते कुठेच लिहिलेलं नाही.

निरभ्र
आजपासून तेही घ्या, सोप्या रीतीने. दर मिनिटाला घड्याळ बघायचं, त्या क्षणी तो जागेवर आहे की नाही एवढीच खूण करायची. अर्ध्या तासात तीस खुणा. मधलं काही बघायची गरज नाही. उठण्याचा आकडा आणि या खुणा दोन्ही एकाच दिशेने गेल्या तर खडूसरांची शंका मिटेल.

शिवाय अधूनमधून एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे मोजायला बसवा. तुम्हाला उपाय चालू आहे हे माहीत असतं आणि तो चालावा अशी इच्छाही असते, डोळा नकळत सैल पडतो. नुसती बेरीज जुळवून भागवू नका. दोघांचेही ८ आले तरी त्या दुसऱ्या व्यक्तीने पाहिलेले ८ आणि तुम्ही पाहिलेले ८ वेगळे असू शकतात. मिनिटवार ताडा. साधारणपणे ८० टक्के जुळणी किमान धरतात.

आकडेबाज
एक सुचवू? उपाय परत कोणत्या दिवशी सुरू करायचा ते आकडे बघून ठरवू नका, आधीच चिठ्ठी टाका. नाहीतर माणूस आलेख सोयीचा दिसेपर्यंत वाट बघतो. समजा दहा संभाव्य दिवसांमधून चिठ्ठीने एक निवडला, तर 'याच दिवशी एवढा मोठा बदल निव्वळ योगायोगाने दिसला' याची शक्यता मोजता येते. दहा दिवसांत ती दहात एकपेक्षा खाली जाणार नाही, पण टी-टेस्टपेक्षा प्रामाणिक. एजिंग्टन यांनी या प्रकारच्या चाचण्या मांडल्या आहेत. वरच्या माझ्या सल्ल्यापेक्षा हा बरा आहे, आणि एका मुलावर लावता येतो.

तरी एक मुद्दा मी सोडत नाही. बंटीवर सिद्ध झालं ते बंटीपुरतं. पुढच्या मुलाचं काय?

निरभ्र
त्यावर वाद नाही. पुढच्या मुलावर परत करून बघायचं, मग त्याच्या पुढच्या. या पद्धतीत दावा असाच हळूहळू रुंदावतो. पण चिठ्ठीबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. आकडे स्थिर होईपर्यंत थांबा असं मी वर म्हटलं, आणि चिठ्ठी सांगते की ठरलेल्या दिवशी सुरू करा, स्थिर असो वा नसो. दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. मी स्थिरतेच्या बाजूचा.

आकडेबाज
आणि मी चिठ्ठीच्या. आधी स्थिर होऊ द्या आणि तिथून पुढच्या दिवसांतून चिठ्ठी टाका, एवढी तडजोड होऊ शकेल.

मृण्मयी_प
बऱ्याच दिवसांनी येतेय. आकडे आणलेत.

उपाय बंद: ४, ६, ८, ९, ८
उपाय परत सुरू: ५, ४, २, ३, २

दोन दिवस माझी सहाध्यायी वेगळी बसून मोजत होती. मिनिटवार जुळणी दोन्ही दिवशी ९० टक्क्यांच्या वर. मिनिटाच्या खुणाही आकड्यांबरोबरच चालल्या, उपाय बंद असताना तो तीसपैकी आठ-नऊ वेळा जागेवर नव्हता आणि नंतर दोन-तीन वेळा. चिठ्ठी नाही टाकली, शाळेचं वेळापत्रक आडवं आलं.

आता शंका. उपाय बंद केल्यावर तो १४ वर गेला नाही, ९ वरच थांबला. म्हणजे अर्धवटच सिद्ध झालं का?

निरभ्र
उलट मला हा आलेख आवडला. आपली भीती काय होती? बंटी आपोआपच सुधारतोय आणि उपाय फुकट श्रेय खातोय. तसं असतं तर उपाय बंद केल्यावर तो ३ वरच राहिला असता किंवा आणखी उतरला असता. तो चढला. उतरणीला लागलेला मुलगा नेमका कौतुक थांबल्यावर उलटा फिरला आणि कौतुक परत आल्यावर पुन्हा उतरला.

१४ ची वाट बघू नका. १४ मध्ये तुमच्या वहीचं कुतूहल होतं, खडूसरांनी सांगितलंच आहे. तुमच्या पहिल्या आठवड्याचे शेवटचे दोन दिवस ९, ९. उपाय बंद केल्यावरचे शेवटचे तीन ८, ९, ८. बंटीचा खरा नेहमीचा आकडा तिथेच कुठेतरी असावा. रॉबीसुद्धा २५ वर परत गेला नव्हता, ५० वर थांबला होता.

अडचण एकच. परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसावा अशी अपेक्षा असते. अ-ब-अ-ब मध्ये टप्पे तीनदा बदलतात. तुमचा पहिला बदल उतरणीमुळे बाद. उरले दोन.

नचिकेत_द
म्हणजे अजून एकदा बंद करा म्हणणार तर!

मृण्मयी_प
नको हो, बाई मला वर्गाबाहेर काढतील.

पण एक विचारते. तीच सहाध्यायी वर्षाच्या सुरुवातीपासून त्या वर्गाच्या भाषेच्या तासाला दाराजवळ वह्या तपासत बसते. मी गणिताला मोजायला लागले त्याच दिवसापासून तिनेही हौसेने बंटीचं उठणं मोजलं, तीच व्याख्या, अर्धाच तास. तिथे उपाय काहीच नाही, बाई वेगळ्या आहेत. तिचे चारही आठवड्यांचे आकडे ५ ते ७ च्या मध्येच आहेत. याचा काही उपयोग?

निरभ्र
हे आधी का नाही सांगितलंत! सोनं आहे ते.

गणितात आकडे खाली-वर होत होते त्या सगळ्या काळात भाषेच्या तासाला सपाट. म्हणजे तो एकूणच शांत झाला, घरी काहीतरी बदललं, वयाने समजूतदार झाला, ही सगळी स्पष्टीकरणं लंगडी पडतात. तसं असतं तर दोन्ही तासांत दिसलं असतं. आता भाषेच्या तासाला उपाय सुरू करा. तिथला आकडा तेव्हाच खाली आला, आधी नाही, तर तुमचा तिसरा पुरावा मिळाला. काहीही काढून न घेता.

खडूची_धूळ
शिवाय ती पोरगी रोजचीच असल्याने तिच्या आकड्यांत सुरुवातीची उतरण नाही, बघा. पहिल्या आठवड्याचं कोडं तिथेच सुटलं.

नचिकेत_द
हे मला पटलं. मग मुळात असंच का केलं नाही? दोन तास, दोन वेगळ्या तारखा, बंद-चालूचा खेळ नकोच.

निरभ्र
करता आलं असतं. धोका एवढाच की गणितात बसायची सवय लागलेलं मूल भाषेतही आपणहून बसायला लागतं. मुलासाठी चांगलं, पण मग दोन्ही रेषा एकदम खाली येतात आणि काही सांगता येत नाही. बंटीच्या बाबतीत तसं झालं नाही.

समुपदेशक_मावशी
मी मघापासून वाचतेय आणि मला एकच दिसतंय. गणिताला ९ आणि भाषेला ६, म्हणजे गणितात त्याला काहीतरी नको असतं. कोणत्या कामाच्या वेळी उठतो ते कुणी बघितलं का?

मृण्मयी_प
मावशी, बघितलं. फळ्यावरून उतरवून घ्यायचं असेल तेव्हा जास्त. तोंडी गणितांना फारसा नाही.

समुपदेशक_मावशी
मग डोळे तपासले का?

मृण्मयी_प
नाही. ते उद्याच पालकांना सांगते.

निरभ्र
मावशींचा मुद्दा लाखमोलाचा. कौतुकाने आकडा कमी झाला म्हणजे कौतुकाच्या अभावामुळेच तो उठत होता, असं ठरत नाही.

मृण्मयी, आणखी एक. बाईंनी प्रत्यक्षात काय केलं ते मोजलंत का? उपाय चालू असताना कौतुक किती वेळा, बंद असताना किती?

मृण्मयी_प
दुसऱ्या आठवड्यापासून मोजलंय. चालू असताना अर्ध्या तासात आठ-दहा वेळा, बंद असताना एखाद-दोन. पण बंद असताना बाई परत "बंटी, खाली बस" म्हणायला लागल्या. बहुतेक प्रत्येक उठण्याला.

आकडेबाज
मग तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात. कौतुक गेलं आणि ओरडा आला. आकडा कशाने चढला?

निरभ्र
या आलेखावरून नाही सांगता येणार. 'कौतुक आणि दुर्लक्ष' या जोडीचा परिणाम दिसतो, त्यातल्या एकाचा वेगळा नाही.

खडूची_धूळ
भाषेच्या बाईंना दुर्लक्ष करायला सांगूच नका. फक्त कौतुक वाढवा, "खाली बस" जेवढं चालू असेल तेवढं चालू दे. आकडा उतरला तर कौतुकानेच. शिवाय 'दुर्लक्ष करा' हे शिक्षकाला जमतही नाही, तीस-चाळीस पोरं बघत असतात.

निरभ्र
पण मग गणितातला उपाय आणि भाषेतला उपाय सारखा राहत नाही, आणि तिसरा पुरावा म्हणून तो मोजता येणार नाही. मृण्मयीला यातलं एक निवडावं लागेल.

मृण्मयी_प
निवड भाषेच्या बाईंनीच केलीय. म्हणाल्या, "कौतुक करीन, पण दुर्लक्ष माझ्याच्याने होणार नाही." सोमवारपासून सुरू करतोय. "खाली बस" वेगळं मोजायला सहाध्यायीला दुसऱ्या रंगाचं पेन दिलंय.